मोबाईलवर सूत्र खाली ओढताना: ठिपका, बोट आणि डॉलरची खूण

«मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. ४८ फ्लॅटचा मेंटेनन्सचा हिशेब मोबाईलवर गूगल शीट्समध्ये ठेवतो, घरी कॉम्प्युटर नाही. पहिल्या फ्लॅटचं सूत्र लिहून कोपऱ्याचा ठिपका धरून खाली ओढतो, पण सगळं नुसतं निळं होतं, भरत काहीच नाही. कधी बोट घसरून भलतंच सिलेक्ट होतं. एकदा कॉपी-पेस्ट केलं तर पहिला फ्लॅट सोडून सगळ्यांचं व्याज शून्य आलं. हे काम मोबाईलवर नीट होतं का?»

होतं. मी बरीच वर्षं सोसायट्यांचे हिशेब लिहितो आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त काम आता फोनवरच करतो. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं मात्र वेगवेगळी आहेत. पहिली ॲपच्या पद्धतीमुळे आहे, दुसरी बोटामुळे आणि तिसरी सूत्रामुळे. ती एकत्र केली की सगळा दोष फोनला जातो, म्हणून एकेक सोडवू.

आधी ठिपका. कॉम्प्युटरवर सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक चौकोन असतो. तो धरून ओढला की सूत्र खाली भरत जातं. फोनवर त्याच कोपऱ्यात गोल ठिपका दिसतो, त्यामुळे हात आपोआप तेच करायला जातो. पण फोनवरच्या शीट्समध्ये या ठिपक्याचं काम फक्त निवड लांबवण्याचं आहे, भरण्याचं नाही. म्हणजे तुम्ही ओढता ते बरोबरच आहे, फक्त तिथे काम अर्धंच झालेलं असतं. भरण्याचा हुकूम त्यानंतर वेगळा द्यावा लागतो.

तुमच्याच हिशेबावर करून पाहू. समजा `A` मध्ये फ्लॅट, `B` मध्ये नाव, `C` मध्ये मागची बाकी, `D` मध्ये या महिन्याचा मेंटेनन्स, `E` मध्ये थकबाकीवरचं व्याज आणि `F` मध्ये एकूण. पहिली ओळ मथळ्यांची, म्हणजे ४८ फ्लॅट दुसऱ्या ओळीपासून ४९ व्या ओळीपर्यंत. `F2` मध्ये हे लिहा:

```
=C2+D2+E2
```

लिहून झालं की बरोबरची खूण दाबून सूत्र बंद करा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. सूत्र उघडं असताना दुसऱ्या कुठल्याही सेलला बोट लागलं, तर ॲपला वाटतं की तो सेल तुम्हाला सूत्रात हवा आहे, आणि त्याचा पत्ता सूत्रात जाऊन बसतो. `=C2+D2+E2` मध्ये भलत्याच सेलचा पत्ता घुसलेला दिसला, तर ते याच कारणाने. साधी ओळख अशी की कीबोर्ड वर असेल तर अजून तुम्ही सेलच्या आत आहात. कीबोर्ड खाली गेल्याशिवाय निवडायला लागू नका.

आता `F2` वर एकदाच टेकवा. दोनदा टेकवलं तर सेल परत लिहिण्यासाठी उघडतो. निळी चौकट आली की खालचा ठिपका धरून `F49` पर्यंत आणा. निवडीत सूत्र असलेला `F2` आणि खालचे सगळे रिकामे सेल, दोन्ही आले पाहिजेत. बोट उचला आणि निळ्या भागावरच पुन्हा एकदा टेकवा. मेनू आला नाही तर क्षणभर दाबून धरा. त्या मेनूत `Autofill` दिसेल, समोर नसेल तर तीन ठिपक्यांमागे असेल. तो दाबला की ४८ ओळी एका झटक्यात भरतात.

खालच्या सेलमध्ये आधीपासून काही लिहिलेलं असेल, जुनं चुकलेलं सूत्र असेल, तर मी `Autofill` वर विसंबत नाही. त्या वेळी `F2` कॉपी करतो, `F3` ते `F49` निवडतो आणि पेस्ट करतो. सूत्र तसंच ओळीप्रमाणे बदलत खाली जातं. एक मात्र ध्यानात ठेवा: खाली जे असेल त्यावर पेस्ट न विचारता बसते. चूक झाली असं वाटलं की दुसऱ्या कशालाही हात न लावता आधी वरचा मागे वळलेला बाण दाबा.

काही सोसायट्यांची फाईल एक्सेलमध्ये असते. तिथे रीत थोडी वेगळी आहे. सेल निवडून त्यावर पुन्हा टेकवलं की मेनूत `Fill` येतं. ते दाबल्यावर चौकटीला बाणाची खूण येते, आणि ती ओढली की कॉम्प्युटरसारखं भरत जातं. म्हणजे शीट्समध्ये आधी निवड आणि मग हुकूम, एक्सेलमध्ये आधी हुकूम आणि मग ओढणं. दोन्ही ॲप वापरणाऱ्यांची गडबड बहुधा इथेच होते.

आता बोट. फोनच्या पडद्यावर एका वेळी साधारण पंधरा-वीस ओळी दिसतात आणि तुम्हाला ४८ पार करायच्या आहेत. ठिपका पडद्याच्या तळाशी नेऊन धरून ठेवला की शीट आपोआप सरकायला लागतं, आणि त्या वेगावर आपला ताबा राहत नाही. ४९ वर थांबायचं असतं, बोट उचलेपर्यंत निवड ७३ वर गेलेली असते. मग घाईने वर ओढायला जावं तर ठिपका सुटतो, पूर्ण निवड जाते आणि पहिल्यापासून सुरुवात.

यावर माझी सवय अशी आहे की लांब निवड एका दमात करायचीच नाही. ठिपका पडद्यावर दिसणाऱ्या शेवटच्या ओळीच्या जरा अलीकडे आणायचा आणि बोट उचलायचं. निवड तशीच राहते. मग निळ्या भागाच्या बाहेर, दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून शीट नुसतं वर सरकवायचं. सरकवताना बोट सेलवर टेकवून लगेच उचलायचं नाही, कारण तसं केलं की तो सेल निवडला जातो आणि आधीची निवड सुटते. टेकवताच हलवायला सुरुवात करायची. ठिपका पडद्याच्या वरच्या टोकाजवळ आला की तो परत धरायचा आणि पुढच्या टप्प्यापर्यंत न्यायचा. ४८ ओळींना तीन-चार टप्पे पुरतात. वाचताना हे लांबलचक वाटेल, पण हाताला बसलं की अर्धं मिनिटही लागत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे दोन बोटांनी चिमटी घेऊन शीट बारीक करणं, म्हणजे ४८ ओळी एका पडद्यावर मावतात. तेव्हा अक्षरं वाचता येत नाहीत आणि बोटाखाली चार-पाच ओळी झाकल्या जातात, त्यामुळे शेवट नेमका जमत नाही. तो जमावा असा आग्रहही धरू नका. अंदाजाने ५० च्या आसपास बोट उचला, मग चिमटी उघडून शेवटच्या ओळीजवळ मोठं करा आणि ठिपका धरून एक-दोन ओळी वर-खाली करा. मोठं केल्यावर निवड जात नाही. लांबचा पल्ला बारीक पडद्यावर आणि नेमका शेवट मोठ्या पडद्यावर, असं वाटून घेतलं की बोट घसरणं जवळजवळ थांबतं.

एक्सेलमध्ये आणखी एक सोय आहे. भरलेल्या रकान्यात ठिपका धरून खालच्या दिशेने झटका दिला, म्हणजे पान उलटताना देतो तसा, की जिथवर सलग माहिती आहे तिथवर निवड जाते. मध्ये रिकामा सेल असेल तर ती तिथे अडकते.

निवड आडवी असेल तर पडद्याची कड सांभाळा. हल्लीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कडेपासून आत बोट ओढलं की ते मागे जाण्याचा इशारा समजलं जातं. शेवटचा रकाना उजव्या कडेला चिकटलेला असताना त्याचा ठिपका डावीकडे ओढलात, तर निवड व्हायच्या ऐवजी शीटच बंद होईल. निवडायचा भाग आधी सरकवून पडद्याच्या मध्यावर घ्या. आणि मथळ्यासाठी सेल एकत्र जोडलेले असतील, म्हणजे मर्ज केलेले, तर ओढताना निवड त्यांना लागताच अचानक रुंद होते. «भलतंच सिलेक्ट होतं» यामागे पुष्कळदा हेच असतं. सोसायटीचं नाव मोठ्या अक्षरात हवंच असेल तर ते मथळ्यांच्या ओळीत न घालता वेगळ्या रिकाम्या ओळीत, `A` च्या सेलमध्ये नुसतं लिहा, उजवीकडचे सेल रिकामे असले की ते आपोआप त्यांच्यावर पसरतं. त्यासाठी मर्ज लागत नाही.

आता तुमचं शून्य व्याज. यात फोनचा काही दोष नाही. व्याजाचा दर तुम्ही वेगळ्या सेलमध्ये ठेवला असावा, तशी पद्धत चांगलीच आहे. समजा `H1` मध्ये महिन्याचा `1%` आहे. दर तुमच्या सभेने ठरवला असेल तो घ्या, मी उदाहरणापुरता हा घेतोय. `E2` मध्ये तुम्ही बहुधा असं लिहिलं असेल:

```
=ROUND(C2*H1,0)
```

पहिल्या फ्लॅटची बाकी ४,८०० असेल तर ४८ रुपये व्याज येतं, अगदी बरोबर. पण सूत्र एक ओळ खाली गेलं की `C2` चं `C3` होतं, ते आपल्याला हवंच आहे, आणि त्याबरोबर `H1` चं `H2` होतं, ते नको आहे. `H2` रिकामा आहे. रिकाम्याने गुणलं की शून्य, आणि त्याच्या खालच्या प्रत्येक ओळीत तेच. ज्या चुकीत पहिली ओळ बरोबर आणि बाकी सगळ्या शून्य असतात, तिथे बाकी काही पाहण्याआधी हे पाहा. दराचा पत्ता जागच्या जागी राहावा म्हणून डॉलरच्या खुणा द्याव्या लागतात:

```
=ROUND(C2*$H$1,0)
```

कॉम्प्युटरवर यासाठी `F4` ही कळ असते. फोनवर कीबोर्डच्या चिन्हांच्या पानावर जाऊन `$` हाताने टाकायचं. मी ही चूक एका सोसायटीच्या बिलांत पाहिली आहे. तिथे पहिल्याच फ्लॅटची बाकी नेमकी शून्य होती, त्यामुळे पहिली ओळही शून्य आणि पुढच्याही शून्य. सगळं एकसारखं दिसलं म्हणून कुणालाच शंका आली नाही आणि तीन महिने थकबाकीवर व्याजच लागलं नाही. म्हणून सूत्र ओढण्याआधी ते ज्या फ्लॅटची बाकी मोठी आहे त्याच्या ओळीवर तपासा, नुसतं पहिल्या ओळीवर नको.

भरून झाल्यावर मी दोन गोष्टी पाहतो. शेवटच्या सेलवर, म्हणजे `F49` वर, एकदा टेकवून सूत्राच्या पट्टीत काय आहे ते वाचतो. तिथे `=C49+D49+E49` असलं पाहिजे. आणि बाजूला `J1` मध्ये एक मोजणी ठेवतो:

```
=COUNT(F2:F49)
```

तिथे ४८ आलं पाहिजे. ४७ आलं तर एक सेल रिकामा राहिलाय, किंवा त्यात आकडा नसून मजकूर किंवा चूक बसली आहे.

मजकुराचं मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे पावती लिहिताना `2500/-` असं लिहायची सवय आहे. हे सेलमध्ये टाकलं की शीटच्या दृष्टीने तो आकडा राहत नाही. `C2+D2` सारख्या बेरजेत `#VALUE!` येतं, ते निदान दिसतं तरी. पण खाली एकूण जमेसाठी `SUM` वापरला असेल तर तो असा सेल गुपचूप वगळतो आणि बेरीज २,५०० ने कमी येते. ओळखायची खूण अशी की तुम्ही काही फॉरमॅट दिलेलं नसेल तर आकडा सेलच्या उजव्या कडेला लागतो आणि मजकूर डाव्या. `D` रकान्यात एखादा आकडा डावीकडे चिकटलेला दिसला की तो पुसून नुसता `2500` असा पुन्हा टाका. मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक टाकले असतील आणि ते डावीकडे जात असतील, तर तेही इंग्रजी अंकांत टाका. नावं मराठीत आणि आकडे इंग्रजीत, असं मी सगळीकडे ठेवतो.

फ्लॅटचे नंबर तुम्ही ४८ वेळा हाताने टाकले असतील असा माझा अंदाज आहे. `101` आणि `102` लिहून `Autofill` दिलं तर शीट 103, 104, 105 असं पुढे जात राहतं, पण मजल्यावर चारच फ्लॅट असतील तर 104 नंतर 201 यायला हवा. अशा वेळी पहिल्या मजल्याचे चार नंबर `A2` ते `A5` मध्ये हाताने लिहा आणि `A6` मध्ये

```
=A2+100
```

लिहून ते `A49` पर्यंत भरा. बारा मजल्यांची इमारत असेल तर शेवटी 1204 येतो. मग `A6` ते `A49` कॉपी करा आणि तिथेच `Paste special` मधून फक्त व्हॅल्यू पेस्ट करा, म्हणजे सूत्रं जाऊन साधे नंबर राहतील. हे केलं नाही तर एखाद्या दिवशी थकबाकीप्रमाणे यादी लावाल आणि फ्लॅटचे नंबर बदलून बसतील.

फॉरमॅटिंग मी सर्वांत शेवटी करतो, कारण सूत्र भरताना पहिल्या सेलचा रंग आणि जाडपणाही खाली उतरतो. `F2` आधीच पिवळा केला असेल तर ४८ सेल पिवळे होतात. शीट्समध्ये वरच्या बाजूला ओळी असलेला `A` आहे. तो दाबला की खालून पट्टी येते, तिच्यात `Text` आणि `Cell` असे दोन भाग. अक्षरं जाड करणं, आकार, डावी-उजवी बाजू हे पहिल्यात, आणि सेलचा रंग, चौकटी, मजकूर दुमडणं, आकड्यांचा प्रकार हे दुसऱ्यात.

इथे एक सोय आहे जी निवडीचे कष्ट वाचवते. आकड्यांचा प्रकार द्यायला ४८ सेल ओढत बसू नका, वरचं `C` हे अक्षरच दाबा. पूर्ण रकाना निवडला जातो, मग निवड `F` पर्यंत लांबवा आणि रुपयाचा प्रकार द्या. मथळ्याच्या मजकुरावर त्याचा काही परिणाम होत नाही. रकाना निवडलेला असताना अक्षरांच्या पट्टीतली कडेची खूण ओढलीत तर निवड न वाढता रकान्याची रुंदी बदलते, तेवढं सांभाळा. चौकटी मात्र कधीही पूर्ण रकान्याला देऊ नका. शीट्सच्या नव्या पानात १,००० ओळी असतात. सगळ्यांना चौकटी पडल्या की नोटीस बोर्डावर लावायच्या पीडीएफमध्ये रिकाम्या चौकटींची पानांमागून पानं येतात. चौकटींसाठी `A1` ते `F49` एवढंच निवडायचं, वर सांगितलेल्या टप्प्यांच्या पद्धतीने.

थकबाकीदारांच्या ओळी हाताने लाल करत असाल तर ते काम शीटवर सोपवा. दर महिन्याला आकडे बदलतात आणि ज्याने पैसे भरले त्याचा लाल रंग काढायचा राहून जातो. त्यावरून सभेत भांडणं झालेली मी पाहिली आहेत, आणि त्या माणसाचा राग रास्तच असतो. `Cell` च्या भागात `Conditional formatting` आहे. त्यात नियम लिहिताना रेंज टाईप करता येते, ओढावी लागत नाही. तिथे `C2:C49` लिहा, अट «पेक्षा मोठं» ही घ्या, आकडा 5000 द्या आणि रंग निवडा. बाकी भरली गेली आणि `C` मधला आकडा खाली आला की रंग आपोआप जातो.

हाच विचार व्याजाच्या रकान्यालाही लावता येतो. ओढायचंच नसेल तर `E3` ते `E49` रिकामे करा आणि फक्त `E2` मध्ये हे लिहा:

```
=ARRAYFORMULA(ROUND(C2:C49*H1,0))
```

एकच सूत्र ४८ ओळी भरतं, आणि ते खाली उतरत नसल्यामुळे डॉलरच्या खुणाही लागत नाहीत. पण खालच्या एखाद्या सेलमध्ये चुकून काही टाईप झालं तर `E2` मध्ये `#REF!` येतं आणि पूर्ण रकाना रिकामा होतो. तो सेल पुसला की सगळं परत येतं. यादी वारंवार वर-खाली लावत असाल तर ही पद्धत नको, कारण सूत्र असलेली ओळच जागा बदलते. तुमचा क्रम फ्लॅट नंबरप्रमाणे कायम राहत असेल तर खुशाल वापरा.

पाचशे-सातशे ओळींची जुनी खतावणी एकदाच बसवायची असेल तर मी फोनला साधा यूएसबी कीबोर्ड ओटीजीने जोडतो. शिफ्ट धरून बाणाची कळ दाबली की निवड एकेक ओळ वाढते आणि बोट पडद्याला लावावंच लागत नाही. तुमच्या ४८ फ्लॅटना त्याची गरज पडणार नाही. आधी फाईलची एक प्रत करून तिच्यावर `E` रकाना डॉलरच्या खुणांसह भरून पाहा, आणि `J1` मध्ये ४८ आलं नाही तर `F49` मध्ये काय दिसतं ते इथे लिहा.